लग्नाच्या फोटोग्राफरचं पॅकेज: कागदावरचा दर आणि तुमच्या लग्नाला पडणारा दर

दोन कोटेशनं समोर ठेवूया. चिपळूणचा एक स्टुडिओ ६५ हजार सांगतो आणि पुण्याची एक टीम १ लाख १० हजार. घरात लगेच दोन तट पडतात: एक म्हणतो गावचाच बरा, दुसरा म्हणतो आयुष्यात एकदाच होतं लग्न. या दोन आकड्यांची तुलना मात्र अजून होऊच शकत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी विकतायत. एकाचा 'दिवस' आठ तासांचा आहे, दुसऱ्याचा दहा तासांचा. एक अल्बम शीटमध्ये मोजतो, दुसरा पानांमध्ये. खाली एका लग्नाचा हिशेब शेवटपर्यंत मांडला आहे. त्यातले दर उदाहरणादाखल आहेत. तुम्हाला मिळालेले आकडे त्यांच्या जागी घालून हाच हिशेब करता येईल.

आधी स्वतःचं वेळापत्रक, मग पॅकेज

मुलगी गुहागरची, मुलगा दापोलीचा, लग्न मे महिन्यात गुहागरच्या हॉलवर. फोटोग्राफरला फोन करण्याआधी एका कागदावर फक्त वेळा लिहा:

पहिला दिवस: मुलीच्या अंगणात हळद, संध्याकाळी ४ ते रात्री ९, म्हणजे ५ तास.
दुसरा दिवस: सकाळी ७.३० ला नवरीची तयारी, मग सीमांतपूजन, मुहूर्त, विधी, जेवणं, पाठवणी आणि रात्री ९.३० च्या सुमारास दापोलीला गृहप्रवेश, म्हणजे १४ तास.
तिसरा दिवस: मुलाकडे सत्यनारायणाची पूजा, सकाळी ९ ते दुपारी १, म्हणजे ४ तास.

एकूण २३ तास झाले. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालणार आहे, म्हणून तो प्रामाणिक असू द्या. लग्नाचा दिवस 'सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच' असा लिहिला जातो तो मुहूर्त डोळ्यासमोर ठेवून. नवरीचा मेकअप सातला सुरू होतो आणि वरात पोचेपर्यंत रात्र होते, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्याकडे प्रवासाचाही वेळ मोठा असतो. गुहागरहून दापोलीला जायचं तर धोपावे-दाभोळ फेरी पकडायची, नाहीतर चिपळूण-खेडचा मोठा वळसा घालायचा. वरातीच्या गाड्या फेरीच्या रांगेत तासभर उभ्या राहिल्या तर कॅमेरा बॅगेत असला तरी फोटोग्राफरचं घड्याळ चालूच असतं. रात्रीच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून त्याला कळवा. वळसा घालावा लागला तर ते तास तुमच्या खात्यावर लागतात.

तासाचा दर काढताना काय चुकतं

आता दोन्ही पॅकेजं नीट वाचू.

चिपळूणचं: हळद आणि लग्न असे दोन दिवस, दिवस ८ तासांचा. एक फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला, दोघंही ट्रॅडिशनल, म्हणजे विधी आणि समोर उभं करून काढायचे फोटो टिपणारे. अल्बम १२×३६ मापाचा, ३० शीट. जादा तास १,५०० रुपये, जादा दिवस १८,०००, जादा शीट ४५० रुपये. हायलाइट फिल्म वेगळी, ६,००० रुपये. एका दिवसाचा, ८ तासांचा कँडिड, म्हणजे न सांगता सहज क्षण टिपणारा फोटोग्राफर १५,०००. स्टुडिओची जीएसटी नोंदणी नाही.

पुण्याचं: तीन दिवस, दिवस १० तासांचा. एक कँडिड, एक ट्रॅडिशनल आणि एक व्हिडिओ असे तीन कॅमेरे. अल्बम १२×३६, '४० पानं'. जादा तास २,५००, जादा शीट ७०० रुपये. हायलाइट फिल्म पॅकेजमध्येच. ५० फोटोंचं रिटचिंग आत, पुढे दर फोटोला १०० रुपये. प्रवास आणि राहणं पार्टीकडे, जीएसटी वेगळा.

सगळे करतात तसा भागाकार केला तर चिपळूणचे ६५ हजार भागिले १६ तास, म्हणजे तासाला सुमारे ४,०६०. पुण्याचे १ लाख १० हजार भागिले ३० तास, म्हणजे सुमारे ३,६७०. त्यात कॅमेऱ्यांची संख्या धरली तर चिपळूणचा एक कॅमेरा तासाला २,०३० ला पडतो आणि पुण्याचा १,२२० ला. म्हणजे महाग दिसणारा पुणेकर स्वस्त निघाला! बरीच मंडळी इथेच खूश होऊन ॲडव्हान्स देऊन टाकतात.

या भागाकारात विकलेले तास धरलेत, वापरलेले नाहीत. पुण्याच्या पॅकेजमध्ये हळदीच्या दिवशी १० तास मिळतात, तुम्ही ५ वापरता. पूजेच्या दिवशी १० मिळतात, वापरता ४. तब्बल ११ तास वाया जातात आणि त्याच वेळी लग्नाच्या दिवशी ४ तास कमी पडतात म्हणून त्यांचे वेगळे पैसे द्यावे लागतात. तेव्हा पॅकेजच्या किमतीला पॅकेजच्या तासांनी भागू नका. तुमच्या २३ तासांसाठी येणारं शेवटचं बिल काढा आणि त्याला २३ ने भागा.

जादा तासाबद्दल आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. घड्याळ कधी सुरू होतं, स्टुडिओतून निघाल्यापासून की कार्यस्थळी पोचल्यापासून? आणि वीस मिनिटं जास्त झाली तर पूर्ण तास धरणार की अर्धा? चौदा तासांच्या दिवसात या दोन उत्तरांवर तीन-चार हजार सहज इकडचे तिकडे होतात.

शीट आणि पान

अल्बमच्या धंद्यात शीट म्हणजे उघडल्यावर डावी-उजवीकडे सलग पसरलेला एक प्रिंट. त्याची दोन पानं होतात. १२×३६ चा अल्बम म्हणजे उघडल्यावर ३६ इंच रुंद आणि मिटल्यावर १८. पुण्याची '४० पानं' म्हणजे २० शीट झाल्या आणि चिपळूणच्या ३० शीट म्हणजे ६० पानं. ज्याच्याकडे अल्बम मोठा वाटत होता त्याच्याकडेच तो लहान आहे. कोटेशनवर शीटचा आकडा अक्षरात लिहून घ्या आणि कव्हर, पहिलं पान, शेवटचं पान त्यात धरलंय का तेही विचारा.

किती शीट लागतील हे अंदाजाने ठरवू नका. या लग्नासाठी अशी वाटणी होऊ शकते: हळदीला ६, सकाळची तयारी आणि सीमांतपूजनाला ६, अंतरपाट आणि मंगलाष्टकांना ४, कन्यादान-लाजाहोम-सप्तपदीला ६, आहेर आणि ग्रुप फोटोंना ६, जोडीच्या फोटोंना ४, गृहप्रवेशाला ३, पूजेला ३, सुरुवात आणि शेवट २. एकूण ४० शीट. एका शीटवर सरासरी पाच फोटो धरले तर अल्बममध्ये २०० फोटो बसतात. शीटवर आठ-नऊ फोटो कोंबले की शीटचे पैसे वाचतात, पण मागच्या रांगेतली माणसं ओळखू येत नाहीत. चाकरमानी काकांचं अख्खं कुटुंब अंगठ्याएवढं छापलं तर त्यावरून वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. ग्रुप फोटोंच्या शीटवर काटकसर करू नका. सप्तपदीच्या सात पावलांचे सात फोटो मात्र एका शीटवर छान बसतात.

दुसरी प्रत माहेरी जाणार असेल तर तिचा दर आत्ताच ठरवा. डिझाइन एकदाच होतं. दुसऱ्या प्रतीला फक्त छपाई, बायंडिंग आणि कव्हर लागतं, त्यामुळे डिझाइनचे पैसे दोनदा देण्याचं कारण नाही. नंतर मागितली तर मात्र पूर्ण दर सांगितला जातो.

कागदाचाही इथे विचार करायला हवा. पावसाळ्यातल्या दमट हवेत चकचकीत ग्लॉसी शीट एकमेकींना चिकटतात आणि ओढून सोडवताना चेहऱ्यावरचा थर निघतो. किनारपट्टीवरच्या घरासाठी न फाटणारा कागद आणि वर मॅट लॅमिनेशन घेणं चांगलं. लेदरच्या पेटीत अल्बम चार महिने बंद राहिला तर बुरशी आलीच म्हणून समजा. त्यामुळे पेटीवर जादा दोन-अडीच हजार घालण्यापेक्षा ते पैसे शीटमध्ये घाला.

जादा दिवस

पूजा चारच तासांची असते, पण बिल पूर्ण दिवसाचं लागतं. चिपळूणच्या कोटेशनमध्ये इथेच १८ हजार जातात. पूजेला काय लागतं ते बघा: जोडी पूजेला बसलेली, आरती, प्रसाद, सासरची मंडळी. पंधरा-वीस चांगले फोटो पुरतात आणि त्यासाठी एक फोटोग्राफर बास आहे. 'पूजेला एकच कॅमेरा, चार तास, व्हिडिओ नको' असं स्पष्ट सांगून अर्ध्या दिवसाचा दर मागा. हा दर छापील यादीत बहुधा नसतो, विचारल्यावर सांगतात.

हळदीला उलटा हिशेब आहे. तिथे एकच माणूस ठेवून पैसे वाचवायला जाऊ नये. फोटोवाला मागच्या दारी बायकांचं हळद लावणं टिपत असतो तेव्हा अंगणात बँजो सुरू झालेला असतो.

प्री-वेडिंगचा दिवस 'फ्री' दिलेला असला तरी त्याची वेगळी किंमत विचारा. नको असल्यास किती कमी करणार? बारा हजार कमी करतो म्हणाला तर तो बारा हजारांचा आहे, फुकट नाही. किनाऱ्यावर ड्रोन उडवणार असतील तर आणखी एक चौकशी करा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला चालकाकडे प्रमाणपत्र लागतं. रत्नागिरी आणि चिपी विमानतळांच्या आसपास हवाई हद्दीची बंधनंही आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर ती जागा हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या पट्ट्यात आहे का ते टीमने आधी बघायला हवं. परवानगी नाही म्हणून ड्रोन उडाला नाही तर त्याचे पैसे वजा होतील, एवढं लिहून घ्या.

एडिटिंग या एका शब्दाखाली चार कामं

कोटेशनवर 'एडिटिंग समाविष्ट' लिहिलेलं असलं तरी त्यावर थांबू नका. त्यात चार वेगळी कामं येतात. पहिलं रंग आणि उजेड सारखा करणं, जे निवडलेल्या सगळ्या फोटोंना होतं आणि ते पॅकेजमध्ये असायलाच हवं. दुसरं रिटचिंग, म्हणजे चेहऱ्यावरचा घाम आणि डाग काढणं किंवा मागे आलेली प्लॅस्टिकची खुर्ची पुसणं. हे एकेका फोटोवर हाताने होतं, म्हणून त्याचा दर फोटोमागे असतो. तिसरं अल्बमचं डिझाइन. चौथं व्हिडिओचं एडिटिंग.

पुण्याच्या कोटेशनमधली अडचण दुसऱ्या कामात आहे. रिटचिंग ५० फोटोंचं आणि अल्बममध्ये जाणार २०० फोटो. उरलेल्या दीडशेचे १५ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७०० रुपये. 'अल्बममध्ये जाणाऱ्या सगळ्या फोटोंचं रिटचिंग डिझाइनच्या दरात धरलं आहे' हे एक वाक्य लिहून घेतलं की हा खर्च टळतो. चांगले स्टुडिओ कबूल होतात, कारण घामेजलेला चेहरा मोठ्या शीटवर छापून जाणं त्यांनाही नको असतं.

डिझाइनमध्ये फेऱ्या मोजल्या जातात. सहसा दोन वेळा बदल फुकट आणि पुढे शीटमागे पैसे, अशी पद्धत असते. पहिली पीडीएफ आली की दोन्ही घरांनी एकत्र बसून सगळे बदल एकाच यादीत लिहून पाठवावेत. आत्याने सोमवारी, मामीने गुरुवारी आणि नवरदेवाने पुढच्या महिन्यात बदल सांगितले की तिसरी-चौथी फेरी होते आणि पैसे लागतात.

रिटचिंगचा बराचसा खर्च तर मांडव घालतानाच ठरतो. निळी, हिरवी किंवा लाल ताडपत्री वर असली की दुपारच्या उन्हात तिचा रंग खालच्या चेहऱ्यांवर उतरतो. मांडवाच्या कडेला पांढरा उजेड आणि आत रंगीत, असा एकाच फोटोत मिश्र उजेड आला की एक बटण दाबून रंग सुधारत नाही, माणसागणिक काम करावं लागतं. हळदीच्या अंगणात वरून पिवळं कापड लावलं तर हळद आणि त्वचा यांतला फरकच दिसत नाही. मांडववाल्याला आतून पांढरं किंवा मोतिया रंगाचं कापड लावायला सांगा. व्हिडिओत स्वस्त एलईडी माळांमुळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यावर ते बहुधा जातात. शूटिंगवाल्याने दिवे लावून आधी दोन मिनिटांची चाचणी घ्यायला हवी, कारण हे पट्टे नंतर एडिटिंगमध्ये नीट काढता येत नाहीत.

शेवटचं बिल

दोघांकडूनही एकच गोष्ट मागू: २३ तास, ४० शीट, हायलाइट फिल्म आणि लग्नाच्या दिवशी कँडिड फोटो.

चिपळूण: मूळ ६५,०००. लग्नाच्या दिवशी ६ जादा तास, ९,०००. पूजेचा दिवस १८,०००. १० जादा शीट, ४,५००. हायलाइट ६,०००. कँडिड १५,०००. एकूण १,१७,५००.

पुणे: मूळ १,१०,०००. ४ जादा तास, १०,०००. २० जादा शीट, १४,०००. झाले १,३४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २४,१२०. गाडी तीन दिवसांची, १४,०००. दोन खोल्या, दोन रात्री, १,८०० च्या दराने ७,२००. एकूण १,७९,३२०.

आता भागाकार करा. चिपळूण तासाला सुमारे ५,११० आणि पुणे सुमारे ७,८००. कॅमेरे धरले तर चिपळूणचे दोन कॅमेरे २३ तास आणि कँडिडचे ८ तास मिळून ५४ कॅमेरा-तास होतात आणि पुण्याचे तीन कॅमेऱ्यांचे ६९. कॅमेरा-तासाला चिपळूण सुमारे २,१८० ला पडतो आणि पुणे २,६०० ला. कोटेशनवर ४५ हजारांचा वाटणारा फरक जवळपास ६२ हजारांवर गेला आणि तासाच्या दरातला स्वस्त-महागाचा क्रमही उलटला.

जीएसटीबद्दल एक खुलासा. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसलेल्याला बिलात जीएसटी लावता येत नाही. कुणी लावला तर बिलावरचा नंबर बघा. गाडी आणि खोल्या तुम्ही थेट बुक केल्या तर त्यावर स्टुडिओच्या बिलातला कर चढत नाही. मे महिन्यात किनाऱ्यावर खोल्या मिळणं कठीण असतं, तेव्हा तसंही ते काम तुम्हीच लवकर केलेलं बरं.

मग घासाघीस कुठे करायची

एकूण रकमेवर 'थोडं कमी करा' म्हटल्यावर दोन-तीन हजार सुटतात. तेवढीच मेहनत अटींवर घेतली तर जास्त मिळतं.

पुण्याच्या टीमकडे पूजा नकोच म्हणा. समजा दोन दिवसांचे त्यांनी ८५ हजार सांगितले. दिवसाचे १० तास न धरता २० तासांचा एकत्र साठा मागा. हळदीचे ५ आणि लग्नाचे १४ मिळून १९ तास त्यात बसतात, जादा तास शून्य. २० शीटचे १४ हजार मिळवून ९९,०००, त्यावर जीएसटी १७,८२०, गाडी आणि खोल्या २१,२००. पूजेला दापोलीचाच फोटोग्राफर, समजा ६,००० ला. एकूण १,४४,०२०, म्हणजे पस्तीस हजारांवर बचत. फक्त पूजेचे फोटो मूळ फाइलमध्ये पुण्याला पोचवायची जबाबदारी कुणाची ते ठरवा, नाहीतर अल्बममधल्या त्या तीन शीट राहून जातात.

चिपळूणकडे पूजा एका कॅमेऱ्यावर आणली आणि ती ७ हजारांत ठरली तर बिल १,०६,५०० वर येतं. अशा लग्नाला आमचा कौल इकडे झुकतो, एका अटीवर: त्याने केलेल्या एका लग्नाचा पूर्ण अल्बम आणि पूर्ण व्हिडिओ बघायला मिळाला पाहिजे. निवडक वीस फोटो सगळ्यांचेच चांगले असतात. पूर्ण अल्बममध्ये दुपारी बाराच्या उन्हातले आणि हॉलच्या ट्यूबलाइटखालचे फोटो कसे आलेत ते दिसतं. गोरज मुहूर्त असेल तर मात्र कमी उजेडात काम करणारा माणूस लागतो. तिथे कॅमेरा-तासाला चारशे रुपये जास्त मोजणं परवडतं.

मे महिन्यात एकाच मुहूर्तावर स्टुडिओकडे तीन-तीन ऑर्डरी असतात आणि बाहेरची मुलं पाठवली जातात. म्हणून प्रत्यक्ष येणाऱ्या माणसांची नावं करारात असावीत आणि ती बदलली तर किती रक्कम कमी होणार तेही. फोटोंच्या मालकीबद्दल १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ उपयोगी पडतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे असते. सही करण्याआधी ती मालकी स्टुडिओकडे देणारी ओळ कागदात आहे का ते बघा. सगळ्या मूळ फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर किती दिवसांत मिळणार आणि स्टुडिओ स्वतःकडे त्या किती महिने ठेवणार, याच्या तारखा घाला.

पैसे तीन टप्प्यांत द्यावेत: ठरवताना एक चतुर्थांश, लग्नाच्या दिवशी निम्मे आणि उरलेले एक चतुर्थांश छापील अल्बम हातात आल्यावर, शीट मोजून.